पावसाळी बाल्कनी: कुंडीत पाणी किती, हवा किती

आषाढातल्या एखाद्या आठवड्यात बाल्कनीतली तुळस माना टाकते. खालची पानं पिवळी होऊन गळतात, शेंडे लुळे पडतात. बाहेर पाऊस कोसळत असला तरी ही कुंडी जरा आत आहे, तिला पाणी पोचत नसेल, असं वाटून घरातलं कुणीतरी तांब्याभर पाणी घालतं. दोन दिवसांनी पानं आणखी गळतात, म्हणून आणखी एक तांब्या. आठवड्याभरात कुंडीत नुसत्या काटक्या उरतात, आणि तुळशीला पाणी कमी पडलं अशी हळहळ घरात मागे राहते.

खरं तर तिला हवा कमी पडलेली असते. मुळं जिवंत असतात, त्यांना श्वसन करावं लागतं, आणि त्यासाठी लागणारा प्राणवायू त्यांना मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतून मिळतो. या पोकळ्या पाण्याने भरल्या की पुरवठा जवळजवळ थांबतो, कारण प्राणवायू पाण्यातून हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. श्वास कोंडला की मुळांचं पाणी शोषून घेण्याचं कामही मंदावतं. म्हणून पाण्यात बुडालेलं झाड हुबेहूब तहानलेल्या झाडासारखं दिसतं. तेवढ्यात पिथियम आणि फायटोप्थोरा हे मुळं कुजवणारे रोगकारक जीव संधी साधतात. त्यांचे बीजाणू पाण्यात पोहू शकतात, त्यामुळे तुडुंब भरलेली माती त्यांच्या सोयीचीच असते.

तहान आणि गुदमर यांतला फरक ओळखायला अर्धं मिनिट पुरतं. तर्जनी मातीत दोन पेरं खुपसायची. झाड मलूल आहे आणि बोटाला माती कोरडी लागते, तर ते तहानलेलं आहे, पाणी द्यावं. झाड मलूल आहे आणि बोट चिखलाने माखून बाहेर येतं, तर पाण्याचा थेंबही घालू नये. अशा कुंडीला बहुधा वासही येतो, साचलेल्या गटारासारखा. शंका उरलीच तर कुंडी आडवी करून मुळांचा गड्डा अलगद बाहेर काढावा. निरोगी मूळ पांढरट आणि टणक असतं. कुजलेलं मूळ तपकिरी आणि लिबलिबीत असतं. चिमटीत धरून ओढलं तर वरचं साल हातात येतं आणि आत दोऱ्यासारखी शीर उरते.

निम्म्याहून अधिक मुळं पांढरी असतील तर झाड वाचण्याची आशा असते. कुजका भाग स्वच्छ कात्रीने कापून टाकावा, वरचा फुटवाही तेवढ्याच प्रमाणात छाटावा, चिखल झालेली माती झटकावी आणि झाड भुसभुशीत मिश्रणात, शक्यतो थोड्या लहान कुंडीत लावावं. मोठी कुंडी इथे घातक ठरते, कारण जिथे मुळं पोचलेली नाहीत ती माती ओलीच राहते. त्यानंतर आठ-दहा दिवस कुंडी पावसापासून दूर, उजेडाच्या जागी ठेवावी आणि या काळात खत अजिबात घालू नये. तुळशीच्या बाबतीत मात्र एक शहाणपण जुन्या बायकांकडून शिकावं: जूनमध्येच दोन-चार कोवळ्या फांद्या वेगळ्या कुंडीत खोचून ठेवाव्यात. त्या सहज मूळ धरतात, आणि मूळ रोप गेलंच तर वृंदावन रिकामं राहत नाही.

पावसाचा मारा किती मोठा असतो याचा हिशेब एकदा मांडून पाहण्यासारखा आहे. दहा इंची कुंडीचं तोंड 25 सेंटिमीटर व्यासाचं असतं. तिच्यावर 1 मिलिमीटर पाऊस पडला की साधारण 50 मिलिलिटर पाणी आत जातं. घरी आपण अशा कुंडीला एका वेळी अर्धा ते पाऊण लिटर पाणी घालतो, म्हणजे 15 मिलिमीटरची एक सर झाली की त्या दिवसाचं पाणी पुरं झालं. मुंबईत जुलैत एका दिवसात 100 मिलिमीटर पाऊस पडणं नवलाचं नाही. तेवढ्यात या कुंडीवर पाच लिटर पाणी ओतलं जातं. कुंडीत माती असते जेमतेम आठ लिटर. अख्ख्या जुलैत सांताक्रूझला सरासरी आठशे-नऊशे मिलिमीटर पाऊस होतो, म्हणजे उघड्यावरच्या त्याच कुंडीवर महिन्याभरात चाळीसेक लिटर पाणी पडतं. त्यात आभाळ भरलेलं, हवा दमट, ऊन नाही. पानांतून होणारं बाष्पीभवनही मंद. येणारं पाणी कैक पट वाढतं, वापर घटतो आणि सगळा भार कुंडीच्या तळाच्या भोकांवर येतो.

पुण्यात चित्र वेगळं. तिथे मोसमी पाऊस मुंबईच्या साधारण पाव हिस्सा, तोही बराचसा भुरभुर आणि सोबत वारा. जमीन ओली दिसते, पानं ओली दिसतात, आणि कुंडीत दोन इंचांखाली माती कोरडी ठणठणीत. पुणे, नाशिक, संभाजीनगरच्या बाल्कन्यांमध्ये पावसाळ्यातही पाण्याची झारी आवरून ठेवता येत नाही. मुंबई, ठाणे, रत्नागिरी, पणजीकडचे सल्ले तिथे जसेच्या तसे लागू होत नाहीत.

एकाच बाल्कनीतही पाऊस सगळीकडे सारखा पडत नाही, ही गोष्ट फार थोडे लोक लक्षात घेतात. वर दुसऱ्या मजल्याचा स्लॅब असतो. पश्चिम किनाऱ्यावर मोसमी वारे मुख्यतः नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतात, त्यामुळे त्या तोंडाच्या बाल्कनीत पाऊस तिरका आत घुसतो आणि पूर्व किंवा उत्तरेच्या बाल्कनीत दिवसेंदिवस शिंतोडाही येत नाही. तीन फूट खोल बाल्कनी असेल तर कठड्यालगतचा फूटभर पट्टा झोडपून निघतो, मधला पट्टा सरीगणिक कधी भिजतो कधी नाही, आणि भिंतीलगतचा पट्टा कोरडाच राहतो. आपल्याकडे नेमकं काय होतं ते पाहायला तीन सारखे, सरळ भिंतीचे रिकामे डबे पुरतात. एक कठड्याशी, एक मध्ये, एक भिंतीशी ठेवावा, आणि एका जोरदार दिवसानंतर पट्टीने पाणी मोजावं. 10 मिलिमीटर आणि 60 मिलिमीटर असा फरक तीन फुटांत दिसला तर आश्चर्य वाटू नये. मोजणी झाली की डबे लगेच रिकामे करावेत.

हे पट्टे कळले की झाडं निवडणं सोपं होतं. कुठलं झाड सुंदर यापेक्षा कुठल्या पट्ट्यात कोण टिकेल हा प्रश्न आधी सोडवावा लागतो.

कठड्यालगतचा चिंब पट्टा अळू, कर्दळ आणि सोनटक्क्याला द्यावा. ही तिघंही ओढ्याकाठी, पाणथळ जागी सुखाने वाढणारी आहेत. सोनटक्का पावसाळ्यातच फुलतो. एक फूल उमललं तरी संध्याकाळी घर दरवळतं. फक्त त्याला बारा इंची, पसरट कुंडी हवी, कारण कंद आडवे पसरत जातात. अळूचा तर एक कंद लावला तरी श्रावणापर्यंत चार माणसांच्या भाजीपुरती पानं देतो. वडीसाठी काळसर देठाचा अळू घ्यावा, फदफद्यासाठी हिरव्या देठाचा चालतो. पानं कापताना मधली गुंडाळलेली दोन कोवळी पानं राखावीत, म्हणजे फुटवा थांबत नाही. गणपतीच्या दुसऱ्या दिवशी ऋषीच्या भाजीत पडणारा अळू घरच्या कुंडीतला असावा अशी हौस असेल तर कंद मृगातच मातीत गेला पाहिजे.

मधल्या पट्ट्यात तेरडा, मायाळू, गोकर्ण आणि हळद ठेवावी. या सगळ्यांना भरपूर पाणी आवडतं, पण पाण्यात उभं राहणं आवडत नाही. हळदीच्या बाबतीत हे काटेकोरपणे पाळावं लागतं. मेच्या अखेरीस बारा इंची कुंडीत दोन फुगीर डोळ्यांचा कंद दोन इंच खोल लावला की जुलैअखेर हातभर लांब पानं येतात. पानं हवी असतात ती पातोळ्यांसाठी. कोकणात आणि गोव्यात नागपंचमीला आणि गौरी-गणपतीत हळदीच्या पानांना बाजारात केवढी मागणी येते हे ठाऊक असलेल्यांना या एका कुंडीचं मोल सांगायला नको. मात्र तळाशी पाणी साचलं तर हळदीला कंदकुज लागते. आधी खालची पानं कडेने पिवळी पडतात, मग जमिनीलगतचा खोडाचा भाग मऊ होतो आणि फुटवा हलक्या ओढीनेच हातात येतो. आल्याला तर हा रोग हळदीहूनही लवकर लागतो. ज्यांच्या मधल्या पट्ट्यात फार पाऊस शिरतो त्यांनी आलं भिंतीकडे सरकवावं.

तेरड्याची गोष्ट थोडी निवांत सांगायला हवी, कारण कुंडीतला पावसाळा म्हणजे तेरडा असं म्हटलं तर ते फारसं चुकणार नाही. कोकणात गौरी तेरड्याच्या रोपांच्या करतात. डोंगरउतारावर तो आपोआप उगवतो, शहरात तो बाजारातून जुडीने विकत आणावा लागतो. बी टाकल्यापासून फुलं यायला साधारण दीड-दोन महिने लागतात. म्हणजे गौरी ऑगस्टच्या अखेरीस येत असतील तर बी जूनच्या शेवटच्या आठवड्यात पेरलं पाहिजे; सप्टेंबरच्या मध्यावर येत असतील तर जुलैच्या मध्यापर्यंत. पेरणी उघड्यावर करू नये. पावसाचे टपोरे थेंब बी उधळतात आणि अंकुर आडवे करतात. भिंतीलगत, उजेडात, लहान ट्रेमध्ये बी अर्धा सेंटिमीटर खोल पेरावं. आठवड्याभरात रोपं दिसतात. चार खरी पानं आली की दहा इंची कुंडीत फार तर तीन रोपं लावावीत. इथे बहुतेकांचा हात ढिला पडत नाही, पाच-सहा रोपं दाटीवाटीने राहतात, आणि मग हवा न खेळल्याने जमिनीलगत खोड सडून एकेक रोप कोलमडतं. तेरड्याचं खोड रसाळ असतं. एकदा सड लागली की उपाय नाही.

भिंतीलगतचा कोरडा पट्टा तुळस, ओवा, कोरफड, जेड आणि अडेनियमसाठी राखून ठेवावा. मांसल खोड-पानं असलेल्या झाडांनी पाणी आपल्या अंगातच साठवलेलं असतं. अडेनियमचं फुगलेलं बूड दाबून पाहावं. ते टणक असेल तर पंधरा दिवस पाण्याशिवाय काही बिघडत नाही, मऊ लागलं तर कूज आत शिरली आहे.

कोथिंबीर, पालक, टोमॅटो, पेटुनिया यांच्या वाटेला मुंबई-कोकणात जून ते ऑगस्ट जाऊच नये. कोथिंबिरीची कोवळी रोपं सततच्या ओलाव्यात बुडाशी काळी पडून झोपतात, टोमॅटोवर करपा येतो, आणि पुरेसं ऊन नसल्याने जे तगतं ते लांबुडकं, पिचकं होतं. नर्सरीत जुलैमध्ये फुललेलं पेटुनिया दिसलं तरी मोह आवरावा. पालेभाजीची हौस लाल माठ आणि मायाळूवर भागवता येते.

आता माती. पावसाळी कुंडीतल्या मिश्रणाला एकच परीक्षा द्यायची असते: तुडुंब भिजल्यावर त्यात हवा उरते का?

मातीत भोकांवर दोन-तीन इंच खडी किंवा विटांचे तुकडे अंथरले की निचरा सुधारतो, ही समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे आणि ती चुकीची आहे. भांडी घासायचा स्पंज पाण्यात बुडवून आडवा धरावा. ठिबकणं थांबलं की तोच उभा करावा. लगेच आणखी पाणी गळतं. स्पंज जितका उंच, तितकं पाणी खाली ओढलं जातं, आणि तरीही अगदी तळाचा थर ओलाच राहतो. कुंडीतली माती अशीच वागते. निचरा संपल्यावरही तळाशी पाण्याने भरलेला एक थर उरतो, कारण बारीक पोकळ्या पाण्याला धरून ठेवतात. खाली खडी अंथरली तर पाणी बारीक मातीतून खडीच्या मोठ्या पोकळीत सहजी उतरत नाही. तो भिजका थर खडीच्या वर, म्हणजे मुळांच्या आणखी जवळ येतो. खडीने कुंडीची उंची कमी होते, एवढंच होतं. भोकावर एक बाकदार खापरी किंवा नारळाची मूठभर किशी माती वाहून जाऊ नये म्हणून पुरते. जाड कण घालायचे ते तळाला थर म्हणून नको, सबंध मातीत मिसळून हवेत. याच कारणासाठी पावसात उथळ ताटलीसारख्या कुंडीपेक्षा उंच कुंडी बरी.

दहा इंची कुंडीसाठी, म्हणजे आठ लिटरसाठी, एक भरवशाचं प्रमाण असं: लिटरच्या मगाने तीन मग लाल माती, दोन मग हरभऱ्याएवढे विटांचे तुकडे किंवा जाड वाळू, एक मग भाताचा तूस, दोन मग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, आणि वर मूठभर निंबोळी पेंड. विटांचे तुकडे चाळून घ्यावेत. पीठ झालेली भुकटी उलट पोकळ्या बुजवते. बांधकामाच्या क्रश वाळूतही अशी भुकटी असते, ती धुऊनच वापरावी. समुद्राची वाळू मिठामुळे नकोच. भाताच्या तुसात सिलिका भरपूर असल्याने तो सावकाश कुजतो आणि सबंध पावसाळाभर मातीला मोकळं ठेवतो. कोकणात, मावळात तो गिरणीवर जवळजवळ फुकट मिळतो, आणि तरीही लोक त्याऐवजी महागड्या पिशव्या आणतात हे पाहून वाईट वाटतं.

कोकोपीटबद्दल एक सूचना आवर्जून द्यायला हवी. ते आपल्या वजनाच्या सात-आठ पट पाणी धरतं. एप्रिल-मेमध्ये हा गुण वरदान असतो, पावसाच्या माऱ्यात तोच अंगाशी येतो. निम्मं कोकोपीट घातलेल्या कुंड्या, ज्या बाजारात तयार मिश्रण म्हणून मिळतात, त्या जुलैत आठ-आठ दिवस चिखल राहतात. अशा मिश्रणात एवढाच तूस किंवा विटांचे तुकडे मिसळल्याशिवाय ती कुंडी पावसात ठेवू नये. पुण्याच्या कोरड्या बाल्कनीत किंवा अळूच्या कुंडीत कोकोपीट चालेल.

देशावर शेतातली काळी माती आणून कुंडी भरायची सवय आहे. ही माती ओली झाली की फुगते, पोकळ्या बंद होतात, पाणी वर तळं होऊन थांबतं. उघडीप मिळाली की तिला भेगा पडतात आणि घातलेलं पाणी कडेच्या भेगेतून सरळ खाली निघून जातं. शेतात तिची खोली आणि उतार हा दोष सांभाळून घेतात, कुंडीत सांभाळणारं कुणी नसतं. दुसरी माती मिळतच नसेल तर ती फार तर एक मग घ्यावी आणि तूस-वीट वाढवावी.

मिश्रण जमलं की नाही हे मेअखेरीसच तपासावं. कुंडी भरून, आधी एकदा भिजवून, मग वरून लिटरभर पाणी एकदम ओतावं. पाणी अर्ध्या-एक मिनिटात जिरून तळातून धार लागली पाहिजे. पाच मिनिटं तळं टिकलं तर ती कुंडी पावसात ठेवण्याजोगी नाही. मागच्या वर्षीच्या कुंड्यांचीही हीच परीक्षा घ्यावी, कारण खत कुजून संपतं, माती दोन-तीन इंच खाली बसते आणि गेल्या जूनमध्ये पास झालेली कुंडी यंदा नापास होते.

मुंबईत मातीला पर्याय शोधण्याचे मोठे प्रयोग झालेले आहेत. डॉ. आर. टी. दोशी यांनी उसाच्या चिपाडांवर गच्चीत भाजीपाला आणि फळझाडं वाढवून दाखवली. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्याच ओल्या कचऱ्यावर बाग उभी केली. पालापाचोळा आणि चिपाडांचं माध्यम हलकं आणि हवेशीर असतं, आणि बाल्कनीत वजनालाही महत्त्व आहे: आठ लिटर निव्वळ माती चिंब झाली की चौदा-पंधरा किलो भरते. मात्र असं माध्यम पावसात झपाट्याने कुजून बसतं, त्यामुळे महिन्याला वरून नवा पाचोळा भरत राहावा लागतो. आणि कुठलंही मिश्रण असो, कठड्याच्या वर किंवा ग्रिलच्या बाहेर टांगलेल्या कुंड्या जूनपूर्वी खाली उतरवाव्यात. वाऱ्यात पडलेली कुंडी खालच्या माणसाचा जीव घेऊ शकते.

राहिलं पाणी घालणं. इथली पहिली चूक सवयीची आहे. रोज सकाळी चहा झाला की झारी फिरवायची, ही उन्हाळ्यातली चांगली सवय जूनमध्ये मोडावी लागते. रोज तपासावं, रोज घालू नये. बोटाची दोन पेरं हा एक मार्ग. कुंडी किंचित उचलून वजनाचा अंदाज घेणं हा दुसरा आणि जास्त अचूक. कोरडी आणि ओली कुंडी दोन-तीनदा उचलून पाहिली की हात शिकतो. पाणी द्यायचं ठरलं तर मात्र तळातून गळेपर्यंत द्यावं. रोज थोडं-थोडं शिंपडल्याने वरचा इंचभर थर सतत ओला आणि खालची मुळं कोरडी अशी उफराटी अवस्था होते; वर हिरवट शेवाळ धरतं ते याचंच लक्षण. ते खुरप्याने खरवडून माती हलवून घ्यावी.

दुसरी चूक अगदी उलटी: पाऊस सुरू आहे म्हणून कुणालाच पाणी न देणं. भिंतीलगतच्या, छताला टांगलेल्या आणि मोठ्या पानांच्या आडोशाला असलेल्या कुंड्या भर श्रावणात वाळतात. अळूची छत्रीसारखी पानं पाऊस कुंडीबाहेर झटकतात, त्यामुळे शेजारच्या कुंडीत तळं आणि अळूच्या बुडाशी कोरडं, असंही दिसतं. मुख्य म्हणजे श्रावणातली उघडीप. पंधरा दिवस ओल्यात राहिलेल्या झाडांची बारीक मुळं कमी झालेली असतात, आणि अचानक कडक ऊन पडलं की ती दुपारी मान टाकतात. माती ओली असेल तर पाणी न घालता संध्याकाळपर्यंत वाट पाहावी. बहुतेक झाडं आपोआप सावरतात. दुपारच्या वेळी सावली करून दिली तरी पुरतं.

तिसरी चूक कुंडीखालच्या थाळीची. उन्हाळ्यात फरशी खराब होऊ नये म्हणून ठेवलेली थाळी पावसात कुंडीच्या भोकांना पाण्यात बुडवून ठेवते. वरून कितीही चांगलं मिश्रण असलं तरी निचरा शून्य. शिवाय डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. महानगरपालिकेचे कीटकनाशक विभागाचे कर्मचारी घरी आले की आधी कुंड्यांच्या थाळ्या आणि मनीप्लांटच्या बाटल्या पाहतात ते याचसाठी. पावसाळाभर थाळ्या काढून ठेवाव्यात आणि प्रत्येक कुंडी विटेच्या तीन तुकड्यांवर ठेवावी, म्हणजे भोक फरशीला चिकटत नाही. खालच्या मजल्यावर पाणी टपकून कटकट होत असेल आणि थाळी ठेवावीच लागत असेल, तर ती रोज ओतावी. आठवड्यातून एकदा काडी घालून भोकं मोकळी करावीत. मुळं आणि गाळ मिळून ती बुजवतात, आणि हे सगळ्यांत जास्त विसरलं जाणारं काम आहे.

पिवळ्या पानाचं आणखी एक कारण सांगितलं पाहिजे, नाहीतर प्रत्येक पिवळं पान मुळकुजीच्या खात्यात जाईल. जोरदार पाऊस मातीतलं नत्र धुऊन नेतो. अशा झाडाची फक्त खालची जुनी पानं एकसारखी फिकट होतात, शेंडा ताठ असतो, मातीला वास नसतो. त्याला दर पंधरा दिवसांनी मूठभर गांडूळखत मातीत हलकेच मिसळून दिलं की पंधरवड्यात नवी पानं हिरवी येतात. द्रवखतं पावसात घालण्यात अर्थ नाही. पुढच्या सरीबरोबर ती गटारात जातात.

सप्टेंबरअखेर हस्ताचा पाऊस पडून गेला की कुंड्यांचं वेळापत्रक पुन्हा फिरतं. मुंबईतून मोसमी पाऊस साधारण 8 ऑक्टोबरला माघारी जातो आणि लगेच ऑक्टोबरचं ऊन तापतं. त्या आठवड्यात तेरड्याची वाळलेली रोपं उपटून त्याच कुंडीत मूठभर कोकोपीट आणि खत मिसळावं, थाळ्या परत ठेवाव्यात, भिंतीलगतच्या कुंड्या उन्हाकडे आणाव्यात आणि रोजचं पाणी सुरू करावं. कोथिंबीर, टोमॅटो आणि पेटुनियाचं बी पेरायला हाच आठवडा योग्य आहे.